डायपरखालची लाली: जांघेच्या घडीत शिरली का, ते आधी बघा

लेकराचं डायपर सोडलं आणि ढुंगण लाल दिसलं, की घरात एकदम तीन-चार उपाय निघतात. आजी खोबरेल तेलाची वाटी आणते, शेजारीण पावडर सुचवते आणि घरातलं कुणी तरी मेडिकलवर जाऊन 'लाल झालंय, काही तरी द्या' म्हणत एक ट्यूब घेऊन येतं. यातलं काहीही लावण्याआधी लेकराला उजेडात झोपवून एकच गोष्ट बघायची: लाली नेमकी कुठं आहे? ढुंगणाच्या फुगीर भागावर आणि मांड्यांवर आहे, की जांघेच्या घडीच्या आत शिरली आहे? साधं रॅश आणि बुरशी यांतला फरक बऱ्याचदा एवढ्यावरच कळतो. तो कळला नाही तर साध्या रॅशला उगीच औषध लागतं, किंवा बुरशी असताना आठवडाभर नुसती पांढरी क्रीम थापली जाते.

साधं रॅश म्हणजे जंतूंचा आजार नाही. ओलावा, घासणं आणि शी-शू एकत्र येणं यातून कातडीला झालेली ती इजा असते. नुसत्या शूमुळं एवढं बिघडत नाही. शू आणि शी एकाच डायपरमध्ये मिसळली, की शीतल्या जंतूंची विकरं शूमधला युरिया फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. सकाळी रात्रीचं डायपर सोडताना नाकाला झोंबणारा वास येतो तो हाच. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, अमोनियामुळं ती अल्कधर्मी होते. तशा वातावरणात शीतली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं जास्त जोमानं काम करतात आणि कातडीचा वरचा थरच कुरतडतात. ओलाव्यानं तो थर आधीच फुगून मऊ झालेला असतो, त्यात डायपर घासलं की तो निघतो. पातळ शी होत असताना रॅश लवकर का उठतं, तेही यातून कळतं. अन्न आतड्यातून घाईनं पुढं सरकतं आणि ती विकरं वापरली न जाता थेट बाहेर पडतात.

म्हणून साध्या रॅशची जागा ठरलेली असते. जिथं ओलं डायपर कातडीला टेकतं तिथं, म्हणजे ढुंगणाचे उंचवटे, मांड्यांचा आतला फुगीर भाग, ओटीपोटाचा खालचा भाग आणि शूच्या जागेभोवती लाल होतं. जांघेची घडी कातडीनं कातडीवर झाकलेली असते, डायपर तिथवर पोचत नाही. बोटानं घडी उघडून बघितली की आत नेहमीचा रंग दिसतो. बुरशीचं नेमकं उलट असतं. तिला ऊब, अंधार आणि ओल हवी असते आणि हे सगळं घडीतच मिळतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या लेकरांच्या कातडीवर लाली फोटोत दाखवतात तशी टोमॅटोसारखी दिसेलच असं नाही. ती जांभळट किंवा गडद तपकिरी दिसू शकते. ट्यूबलाइटखाली अंदाज चुकतो. दारातल्या नाहीतर खिडकीतल्या उजेडात बघा आणि रंगाबरोबर कड कशी आहे, आसपास बारीक पुटकुळ्या आहेत का, हेही बघा.

आता एक उदाहरण दिवसागणिक घेऊ. समजा, परभणीतलं आठ महिन्यांचं लेकरू आहे, एप्रिलचा महिना आहे आणि पारा चाळिशीच्या पुढं गेलाय. कानदुखीसाठी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलनिक ॲसिड असलेलं पातळ अँटिबायोटिक सात दिवसांसाठी दिलंय. या औषधानं पोट ढिलं होणं नेहमीचंच. तिसऱ्या दिवशी पाच-सहा वेळा पातळ शी झाली आणि संध्याकाळी ढुंगणाचे दोन्ही उंचवटे लाल दिसले. घडी उघडली तर आत स्वच्छ. म्हणजे आज हे साधं रॅश आहे आणि काम बॅरिअर क्रीमचं आहे.

बॅरिअर क्रीम कसं लावायचं

बॅरिअर क्रीम औषधासारखं आत मुरत नाही, आणि मुरायलाही नको. कातडी आणि शी-शू यांच्यात आड उभं राहणं एवढंच त्याचं काम. मेडिकलवर मिळणाऱ्या डायपर रॅशच्या बहुतेक क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं. ट्यूबवर त्याची टक्केवारी छापलेली असते, ती वाचायची सवय लावा. 10 टक्क्यांच्या आसपासची पातळ क्रीम रोजच्या खबरदारीला ठीक असते. कातडी लाल झाली असेल, सोलवटली असेल, तर 20 ते 40 टक्के झिंक असलेलं घट्ट मलम किंवा पेस्ट घ्यावी. पेस्टमध्ये तेलकट आधारात पांढरी भुकटी मिसळलेली असते. ती थोडी ओल शोषते आणि पाझरणाऱ्या कातडीलाही चिकटून राहते. साधी पेट्रोलियम जेली रॅश होऊ नये म्हणून उत्तम आणि स्वस्तही. पण कातडी ओलसर सोलवटल्यावर ती निसटते आणि उन्हाळ्यात पातळ होऊन डायपरला लागते. खोबरेल तेलाचंही तसंच. त्यानं बहुधा अपाय होत नाही, पण एवढ्या उन्हाळ्यात ते तासभरही टिकत नाही, म्हणून रॅश उठल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

लावण्याआधी कातडी कोरडी हवी. इथं घाई केली की ओलावा क्रीमखालीच कोंडतो. आधी कोमट पाण्यानं धुवा, मुलगी असेल तर पुढून मागं. शी वाळून चिकटली असेल तर घासू नका. कापसाच्या बोळ्याला थोडं तेल लावून ती सैल करा, मग पाणी घाला. साबण दिवसातून एकदा पुरतो, तोही सौम्य. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा पातळ थर कातडीवर राहतो आणि तोही चुरचुरतो. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्या आणि पाच-दहा मिनिटं लेकराला तसंच उघडं ठेवा. खाली मेणकापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची घडी टाकली की गादी भिजायची काळजी नाही.

मग क्रीम. इथं बहुतेक घरांत हात आखडतो. चेहऱ्याला लावतात तसं चोळून पसरवतात आणि कातडी पुन्हा दिसायला लागते. चोळायचं नाही. भिंतीला रंग देतोय असं नाही, गिलावा करतोय असं समजून दोन मिलिमीटरच्या आसपास थर द्यायचा. थराखालची कातडी दिसता कामा नये.

पुढच्या वेळी डायपर बदलताना नुसती शू झाली असेल आणि थर जागेवर असेल, तर तो खरवडून काढायचा नाही. वरवर टिपून घ्या आणि जिथं विरळ झालाय तिथं भर घाला. शी झाली असेल तर मळलेला वरचा थर पुसा, तळचा पांढरेपणा राहू द्या. दरवेळी पूर्ण पांढरं निघेपर्यंत घासलं की नवीन आलेली कातडीही सोबत निघते, आणि 'इतकी क्रीम लावूनही बरं होत नाही' ही तक्रार पुष्कळदा या घासण्यामुळंच असते. दिवसातून एकदा, अंघोळीच्या वेळी, तेलाच्या बोळ्यानं थर हलकेच काढा आणि खालची कातडी बघून घ्या.

कापडी लंगोट वापरत असाल तर झिंकचे डाग पडतात आणि क्रीमच्या चिकटपणानं कापड पाणी कमी शोषतं. आत मऊ कापडाचा एक वेगळा तुकडा ठेवून तो रोज बदलला की प्रश्न सुटतो. लंगोटावरून प्लास्टिकची चड्डी मात्र घालू नका, आत वाफ कोंडते. टँकरच्या पाण्यावर धुणं असेल तर शेवटच्या खळबळीत काटकसर होते आणि डिटर्जंट कापडात उरतो. धुतलेला लंगोट स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून बघा. फेस आला तर आणखी एकदा खळबळा. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. लाल कातडीला त्याचा जाचच होतो, ते बंद करा. चैत्र-वैशाखात लंगोट उन्हात कडकडीत वाळतो. आषाढ-श्रावणात दमट राहिलेला लंगोट तसाच बांधला जातो, तेव्हा अर्धवट वाळलेल्या कापडापेक्षा चांगल्या शोषणाचं वापरून टाकायचं डायपर बरं.

शी झाली की लगेच बदलायचं. नुसत्या शूसाठी तान्ह्या बाळाला साधारण दर दोन तासांनी आणि थोड्या मोठ्या लेकराला तीन-चार तासांनी. डायपर रात्रभर टिकतं असं जाहिरातीत सांगतात, पण रॅश असताना रात्रीही एकदा बदलायलाच हवं. पावडर नको. टाल्कम पावडर उडून लेकराच्या श्वासात जाते आणि ओल लागली की तिच्या गुठळ्या घडीत बसून कातडी घासतात. बोरिक पावडर तर अजिबात नको. ती सोललेल्या कातडीतून शरीरात शिरते आणि विषारी ठरते. उटणं, डाळीचं पीठ, हळद हेही रॅश आहे तोवर बाजूला ठेवा. सोललेल्या जागी दाणेदार काहीही घासू नये.

हे सगळं नीट केलं तर साधं रॅश दोन-तीन दिवसांत निवळायला लागतं.

तिसरा दिवस उलटला आणि घडी लाल झाली

आपल्या उदाहरणातल्या लेकराचं तसं झालं नाही. उंचवट्यांवरची लाली थोडी फिकटली, पण क्रीम सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी थर काढला तर जांघेच्या दोन्ही घड्या आतून गडद लाल. मूळ चट्ट्याला आता स्पष्ट कड आहे आणि कडेला पातळ पांढरट पापुद्रा सुटतोय. कडेपासून थोडं दूर, मांडीवर आणि ओटीपोटावर, मोहरीएवढ्या आणि त्याहूनही बारीक लाल पुटकुळ्या सुट्या-सुट्या उठल्यात. एक-दोघींच्या टोकावर पांढरट ठिपका आहे.

या सुट्या पुटकुळ्यांना डॉक्टर 'सॅटेलाइट' म्हणतात. मुख्य चट्ट्याबाहेर त्यांचं असं विखुरणं हीच बुरशीची सगळ्यात पक्की खूण. साधं रॅश डायपर घासतं तिथंच राहतं, बाहेर ठिपके टाकत नाही. बुरशी कडेनं पसरते आणि पुढं नवीन ठाणी मांडते. घडीतली गडद लाली, कडेचा पापुद्रा आणि बाहेरचे ठिपके हे तिन्ही एकत्र दिसले तर अनुभवी डॉक्टरला तपासणी लागत नाही, नुसतं बघून निदान होतं. शंका असेल तर कडेचा पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

ही बुरशी म्हणजे कँडिडा. ती बाहेरून 'लागली' असंच नाही. लेकराच्या आतड्यात ती थोड्या प्रमाणात असतेच आणि शीबरोबर बाहेर येते. एरवी आतड्यातले इतर जंतू तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकनं कानातल्या जंतूंबरोबर तेही मेले, कँडिडाला रान मोकळं मिळालं, पातळ शीनं कातडीचा वरचा थर निघाला होताच आणि डायपरमध्ये ऊब-ओल होती. म्हणूनच तीन दिवसांहून जास्त रेंगाळलेल्या रॅशमध्ये बुरशी शिरल्याचा संशय घ्यायचा, आणि नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल तर तो आणखी दाट. अँटिबायोटिक मात्र आपल्या मनानं मध्येच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

त्याच वेळी लेकराचं तोंड उघडून बघा. जिभेवर, गालाच्या आतून, हिरड्यांवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर आहे का? दुधाचा थर ओल्या कापडानं सहज निघतो. हा निघत नाही, जोर दिला तर खाली लाल होतं. तोंडात बुरशी असेल तर ती गिळली जाते, शीतून खाली येते आणि नुसतं खालचं औषध लावून भागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांना जळजळ, चमक, चिरा असतील तर तेही सांगायला लाजू नका. दोघांवर एकदम उपचार केले नाहीत तर बुरशी आईकडून लेकराकडं आणि परत आईकडं फिरत राहते. तोंडासाठीचं औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच वापरा. तोंडात लावायचं घट्ट जेल अगदी लहान बाळाच्या घशात अडकू शकतं.

झिंक ऑक्साइड कँडिडाला मारत नाही, म्हणून आता बुरशीचं औषध लागतं. डॉक्टर बहुधा क्लोट्रिमाझोल 1 टक्का क्रीम देतात, कधी मायकोनाझोल किंवा निस्टॅटिन. दिवसातून दोनदा, सकाळी अंघोळीनंतर आणि रात्री. क्रम महत्त्वाचा आहे. कोरड्या कातडीवर आधी बुरशीचं क्रीम अगदी पातळ लावायचं, घड्यांच्या आतून आणि ठिपक्यांच्या बाहेर थोडंसं पुढंपर्यंत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका वेळेला तेवढं पुरतं. पाचेक मिनिटं मुरू द्यायचं आणि मग वरून झिंकचा जाड थर. उलट केलं तर औषध पांढऱ्या थरावरच बसतं आणि कातडीपर्यंत पोचत नाही. बाकीच्या वेळी डायपर बदलताना फक्त झिंकची भर.

दोन-तीन दिवसांत नवीन ठिपके उठणं थांबतं आणि घडीतला रंग उतरतो. आपल्या लेकराचं पाचव्या-सहाव्या दिवशी सगळं साफ दिसेल आणि ट्यूब कपाटात जाईल. नेमकं तिथंच चुकतं. कातडी साफ दिसली तरी थोडी बुरशी उरलेली असते, आणि आठ-दहा दिवसांत तेच परत उठतं. साफ झाल्यावरही आणखी दोन-तीन दिवस, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण होईपर्यंत, लावत राहायचं. बहुधा एकूण सात ते दहा दिवस होतात, कधी दोन आठवडे.

ट्यूबवरचं नाव पूर्ण वाचा

आता मेडिकलवरून आलेल्या त्या ट्यूबकडं वळू. 'बुरशीची क्रीम द्या' म्हटलं की कित्येकदा तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब हातात पडते: बुरशीचं एक, जंतूंचं एक आणि स्टिरॉइड एक. लावल्यावर दुसऱ्याच दिवशी लाली ओसरते, त्यामुळं ती घरोघरी 'गुणकारी' म्हणून ठेवलेली असते. लाली दाबणं हे स्टिरॉइडचं कामच आहे. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. ट्यूब बंद केली की रॅश आधीपेक्षा मोठं होऊन येतं, पुन्हा ट्यूब लावली जाते आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. लेकराची कातडी पातळ, त्यावर घट्ट डायपर, म्हणजे औषध झाकून ठेवल्यासारखंच आणि आत शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं. त्या जागेची कातडी आणखी पातळ होते. तीव्र स्टिरॉइड बरेच दिवस लावलं तर ते रक्तात जाऊन चेहरा सुजणं, वजन वाढणं, उंची खुंटणं इथवर मजल जाऊ शकते.

नावांमध्ये घोटाळा व्हायला जागा आहे. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं साधं औषध, आणि क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. दोन्ही 'क्लो'नं सुरू होतात, घाईत वाचलं तर एकच वाटतात. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावंही स्टिरॉइडची. ट्यूबच्या पुढच्या मोठ्या नावावर जाऊ नका. मागं किंवा बाजूला बारीक अक्षरात घटक आणि त्यांची टक्केवारी असते, ती मेडिकलवाल्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. यातलं एकही नाव असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डायपरच्या जागी लावू नका. सूज फार असेल तर डॉक्टर स्वतः कधी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात. तो निर्णय त्यांचा.

काही चट्टे साध्या रॅशमध्येही बसत नाहीत आणि बुरशीतही नाहीत. शीच्या जागेभोवती ठळक, लालभडक वर्तुळ, शी करताना लेकरू किंचाळतंय, शीवर रक्ताची रेघ: हा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागतं. पाण्याचे किंवा पुवाचे फोड, फुटून मधासारखी पिवळी खपली, ताप, खोल जखमा किंवा पसरत चाललेली सूज दिसली तर त्याच दिवशी लेकराला घेऊन जा. डायपरच्या जागेसारखेच चट्टे तोंडाभोवती आणि हातापायांवरही असतील आणि जुलाब थांबत नसतील तर शरीरात झिंकची कमतरता आहे का ते डॉक्टर बघतात. अशा वेळी वरून झिंकची क्रीम थापून उपयोग नसतो. महिनाभराच्या आतलं बाळ असेल तर तीन दिवस वाट बघत बसू नये. बुरशीचं क्रीम नीट लावूनही आठवड्यात फरक नसेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा-पुन्हा बुरशी होत असेल, तर नवी ट्यूब न घेता कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

रॅश गेल्यावर त्या जागी काही आठवडे फिकट किंवा काळसर डाग राहतो. तो हाताला गुळगुळीत लागत असेल, कड नसेल, लेकरू तिथं हात लावला तर रडत नसेल, तर तो आजार नाही. त्यावर औषध लावत राहू नका, रंग आपोआप भरतो. आणि पुढच्या वेळी कशासाठीही अँटिबायोटिक सुरू झालं, तर लाली येण्याची वाट न बघता पहिल्याच दिवसापासून प्रत्येक डायपरला बॅरिअर क्रीमचा थर द्या आणि रोज अंघोळीच्या वेळी घडी उघडून बघा.